चिठ्ठीवरचं औषध ओळखू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा नुसता फोटो येतो, सोबत एक शब्दही नाही. पाहणारा मग अक्षर लावत बसतो.

१९९५ साली अमेरिकेत, टेक्सासमध्ये, डॉक्टरांनी एका हृदयरुग्णाला ‘आयसॉर्डिल’ लिहून दिलं: २० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. औषध दुकानात ते रक्तदाबाचं ‘प्लेंडिल’ म्हणून वाचलं गेलं. प्लेंडिलची दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. इथे ती ८० झाली. रुग्ण दगावला. मात्रा जुळत नव्हती, तिथेच थांबायला हवं होतं.

फोटो पाठवणाऱ्याला रुग्णाचं वय, त्रास आणि चालू औषधं विचारावीत. पण उत्तरांवरूनही नाव ठरवू नये. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनाच फोन लावून विचारावं, ‘नाव अक्षर-अक्षर सांगता का? किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कशासाठी?’