पन्नास किलोमीटरची शिदोरी

सिंहगड, राजगड आणि तोरणा या गडांना जोडणाऱ्या डोंगरवाटेवरच्या शर्यतीसारख्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतींची तयारी आता आपल्या घरांतली मुलं-मुलीही करू लागली आहेत. पायांचा सराव ती मनापासून करतात. खाण्याचं काय, असं आम्ही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "ओआरएसची पाकिटं घेतलीत ना, सर."

ओआरएस हे जेवण नाही. एका लिटरच्या पाकिटात ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचेसुद्धा नाही. जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला ते बनवलं आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर जोर लावून धावलं तर दीड-दोन तास पुरते, आणि डोंगरातली पहिली शर्यत नऊ-दहा तास चालते. म्हणून पहिल्या तासापासूनच दर तासाला साधारण 50 ग्रॅम साखर किंवा पिष्ट पोटात जायला हवं. भूक लागायची वाट पाहिली की उशीर झालाच समजा.

हा हिशोब घरच्या जिनसांनी जमतो. अर्धा लिटर पाण्यात पाच लहान चमचे साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ घातलं की 25 ग्रॅम झाले. उरलेले 25 ग्रॅम बिया काढलेल्या 35 ग्रॅम खजुरातून येतात. खजूर एकदाच वजन करून पाहावा, पुढे डोळ्यांना अंदाज येतो. सगळा भार मात्र खजुरावर टाकू नये. त्यातल्या चोथ्याने धावताना पोट बिघडतं. जेल घेणार असाल तर पाकीट वाचा. बहुतेक जेलमध्ये जिलेटिन नसतं, पण चघळायच्या गोळ्यांमध्ये ते असू शकतं. हिरवी खूण पाहिली की तो प्रश्न मिटतो.

आता पाणी-खाण्याच्या थांब्यांकडे येऊ. समजा थांबे 12, 23, 35 आणि 43 किलोमीटरवर आहेत. नवखा धावपटू अंतर बघतो. आमचं म्हणणं, तास बघा. पहाटेच्या गारव्यात पहिले 12 किलोमीटर अडीच तासांचे, तर सव्वा लिटर पाणी आणि 90 ग्रॅम खजूर पुरे. तिसरा टप्पाही 12 किलोमीटरचाच, पण दुपारचा आणि चढाचा. त्याला तीन तास लागतात आणि तासाला 600-700 मिलीलिटर पाणी लागतं. म्हणजे 23व्या किलोमीटरवरून निघताना दोन लिटर पाठीवर हवं. पहिल्या टप्प्यात पुरलं म्हणून तेवढंच भरून निघणारा चढावर कोरडा पडतो.

प्रत्येक थांब्यावर बारा मिनिटं बसलं तर चार थांब्यांत 48 मिनिटं जातात. तीन मिनिटांत निघालं तर 12. वेळेची मर्यादा असलेल्या शर्यतीत हा फरक मोठा आहे. थांबा दिसताच बाटलीचं झाकण सैल करायचं, आधी पाणी भरायचं, मीठ लावलेला बटाटा हातात घ्यायचा आणि चालत चालत खायचा. जुहरची वेळ थांब्याजवळ येत असेल तर नमाजची दहा मिनिटं आधीच आखणीत धरावीत, म्हणजे मन घड्याळात अडकत नाही.

तीस-पस्तीस किलोमीटरनंतर गोडाचा वीट येतो. तेव्हा बटाटा, खारं सूप, गॅस उडालेला कोला चालतो. पोटात पाणी डुचमळायला लागलं तर वेग कमी करून थोडा वेळ नुसते घोट घ्यावेत. उगाच चिडचिड होते, पाय अडखळतात, ही साखर उतरल्याची खूण. चार-पाच चमचे साखरेचं पाणी लगेच द्या. पण बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, डोकं दुखतंय, मळमळतंय, बोलणं असंबद्ध झालं, तर पाणी कमी पडलेलं नसून बहुधा जास्त झालेलं असतं आणि रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. तेव्हा आणखी पाणी पाजणं धोक्याचं. लगेच डॉक्टरांना बोलवा. म्हणूनच वेळापत्रक खाण्याचं ठेवावं, पाणी तहानेनुसार प्यावं. वरचे पाण्याचे आकडे सोबत किती न्यायचं यासाठी आहेत, संपवायचे म्हणून नाहीत. दुखणं दाबायला आयब्युप्रोफेनची गोळी वाटेत घेऊ नये. घाम गाळलेल्या शरीरात तिचा मूत्रपिंडांवर ताण पडतो.

पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या आधी सहा-आठ आठवडे, आठवड्याच्या लांब धावेत हाच खजूर आणि हेच लिंबू-साखरेचं पाणी तासाच्या हिशोबाने घ्यावं. यात रमजान आला तर रोजा असताना हा सराव होणार नाही. तरावीहनंतर तासभर हलकं धावून तो करावा, नाहीतर ईदनंतर सुरू करावा आणि शर्यत त्याच बेताने निवडावी.