वीज गेली, फ्रीज बंद: घड्याळ बघा, वास नको

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडमध्ये श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, तारा तुटल्या आणि कित्येक गावांत पुढे आठवडे उलटले तरी वीज आली नाही. अशा वेळी घराची डागडुजी, पिण्याचं पाणी आणि मोबाइलचं चार्जिंग यांत फ्रीज मागे पडतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी दार उघडतं, दुधाचा वास घेतं आणि ‘चांगलं आहे की’ म्हणून चहा टाकतं. चूक इथेच होते.

अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू एक नसतात. दूध आंबट होतं, भाजीला तार सुटते, ते नासवणाऱ्या जंतूंचं काम. आजारी पाडणाऱ्या साल्मोनेलासारख्या जंतूंची वाढ बरेचदा वासात, रंगात किंवा चवीत कळतच नाही. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे जंतू झपाट्याने वाढतात आणि जूनमधलं कोकणातलं स्वयंपाकघर या टप्प्याच्या ऐन मध्यावर असतं. म्हणून निर्णय नाकावर सोडायचा नाही. वीज किती वाजता गेली हे पाहून तो घ्यायचा.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. दार बंद ठेवलं तर फ्रीजचा खालचा भाग साधारण चार तास पुरेसा थंड राहतो. गच्च भरलेला वेगळा फ्रीझर 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24 तास. वीज आधीच गेलेली असताना दार उघडलं की आतली गार हवा खाली सांडून जाते आणि खोलीतली दमट, गरम हवा आत शिरते, त्यामुळे प्रत्येक उघडझाप या वेळेतून काही ना काही कापून घेते.

फ्रीझर एवढा जास्त का टिकतो, याचं उत्तर बर्फात आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचं पाणी होण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापतं. म्हणजे आत बर्फ शिल्लक आहे तोवर बाहेरून येणारी उष्णता तो वितळवण्यातच खर्ची पडते. रिकाम्या फ्रीझरमध्ये ही सोय नसते. म्हणूनच वादळाचा इशारा आला की पाण्याच्या बाटल्या, थोडी जागा सोडून भरलेल्या, फ्रीझरमध्ये कोंबून ठेवाव्यात आणि फ्रीजचा नॉब सर्वांत थंडवर करावा. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. 24 आणि 48 तासांचा हिशेब स्वतंत्र दाराच्या फ्रीझरचा आहे. एकदारी फ्रीजमधला वरचा छोटा बर्फाचा कप्पा त्याच हिशेबात धरू नये. तो बराच आधी वितळतो.

आता एक घर घेऊ. दुपारी एक वाजता वीज गेली. फ्रीजमध्ये एक लिटर दूध, सकाळचा भात आणि आमटी, भिजवलेली मटकी, खवलेलं नारळाचं खोबरं, दही, लोणचं, लोणी आणि वर फ्रीझरमध्ये सुरमईच्या तुकड्या. पहिलं काम, वेळ कागदावर लिहून दारावर चिकटवणं. दुसरं, घरात सगळ्यांना बजावणं, की पाणी प्यायला फ्रीज उघडायचा नाही, माठातलं प्या.

साडेतीनच्या सुमारास वीज येण्याचं चिन्ह दिसत नसेल तर एकदाच दार उघडावं आणि ठरवलेलं सगळं एका दमात बाहेर काढावं. दूध उकळावं आणि संध्याकाळपर्यंत चहा-खिरीत संपवावं. मटकीची उसळ करावी, खोबरं त्यातच वापरावं. भात आणि आमटी चांगली वाफ येईपर्यंत गरम करून त्याच जेवणात संपवावी. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, उन्हाळ्याच्या काहिलीत तर एक तासच. दह्याची कढी करून तीही त्याच दिवशी संपवावी. लोणी, लोणचं, मुरंबा, सॉस आणि अख्खी फळं-भाज्या यांची काळजी करायचं कारण नाही.

जवळच्या बंदरावर किंवा बाजारात बर्फ मिळत असेल तर तो संध्याकाळची वाट न पाहता आणावा. थर्माकोलच्या खोक्यात खाली फोडलेला बर्फ, मध्ये पिशवीत बांधलेली सुरमई, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी निथळून जाईल अशी वाट. कोळीणबाई टोपलीत मासे ठेवतात तीच ही रीत. मासळीला बर्फ चारी बाजूंनी चिकटलेला असेल तोवर ती थंडच असते.

समजा हे काही जमलं नाही आणि फ्रीजचं दार थेट दुसऱ्या दिवशी उघडलं. खालच्या भागातलं दूध, भात, आमटी, मटकी, पनीर, चिरलेली फळं सरळ टाकून द्यावीत. ‘नीट उकळून घेतलं की झालं’ हा तोडगा इथे चालत नाही. भातात वाढणारा बॅसिलस सेरेअस आणि हाताळलेल्या अन्नात येणारा स्टॅफिलोकोकस हे जंतू अन्नात विष सोडतात. उकळून जंतू मरतात, विष मात्र तसंच राहतं. चव घेऊन पाहणंही नको.

सुरमईचा निकाल वेगळा. हाताला तुकडीत बर्फाचे कण लागत असतील, ती अजून कडक असेल, तर ती पुन्हा गोठवली तरी चालते. चव थोडी उतरेल, धोका नाही. मऊ पडून पाणी सुटलं असेल आणि किती वेळ झाला ते ठाऊक नसेल, तर ती टाकावी. फ्रीजमध्ये ठेवायचा साधा तापमापक असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो. त्यावर 4 अंश किंवा कमी दिसलं तर ठेवा. त्याहून वर दोन तास गेले असतील तर टाका.

वादळाआधी घर सोडून शाळेत किंवा नातेवाइकांकडे जावं लागतं तेव्हा एक युक्ती कामी येते. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवून त्यावर एक नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नव्हता. तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं, मग बाहेरून कितीही टणक दिसो, मासे-मटण ठेवू नये.

फ्रीजमध्ये पुराचं पाणी शिरलं असेल तर त्या पाण्याचा स्पर्श झालेलं अन्न ठेवण्याचा विचारच करू नये. झाकणाच्या बरण्यांतलंही नाही, कारण झाकणाच्या आट्यांतून घाण पाणी आत जातं. असा फ्रीज इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय सुरू करू नये.

घरात इन्सुलिन असेल तर ते चार तासांच्या हिशेबात घालू नये आणि थेट बर्फाला लावूही नये. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवावं आणि किती दिवस वापरता येईल ते डॉक्टरांना विचारावं.

वीज येताना अनेकदा दोन-तीनदा जाते-येते. म्हणून गेल्यावर लगेच प्लग काढून ठेवावा, वीज स्थिर झाल्यावर पाचेक मिनिटांनी लावावा आणि आतला भाग नीट गार होईपर्यंत नवं दूध-भाजी आत भरू नये. ज्या पदार्थाबद्दल शंका आहे तो घरातल्या लहान मुलांना, वृद्धांना आणि गरोदर बाईला तर देऊच नये. त्यांच्या बाबतीत साधी पोटाची तक्रारही लवकर गंभीर होते, आणि वादळानंतर दवाखान्याचा रस्ता मोकळा असेलच असं नाही.