जाई आणि निशिगंध: फुलापासून ॲब्सोल्यूटपर्यंत

फूल खुडल्यावरही जाई आणि निशिगंध यांच्या पाकळ्यांत सुगंधद्रव्ये तयार होत राहतात. मात्र ही द्रव्ये उष्णतेने लवकर बिघडतात. त्यामुळे या फुलांचा सुगंध कोणत्या पद्धतीने काढावा हे मुख्यतः या दोन गुणधर्मांवर ठरते.

बाष्प ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर सुगंधी तेल वर येते. वाळा किंवा गवती चहासाठी ही पद्धत उत्तम आहे. जाई-निशिगंधात मात्र उष्णता व पाणी यांमुळे सुगंधी एस्टरांचे विघटन होते, जड घटक मागेच राहतात आणि तेल अत्यल्प मिळते. कन्नौजमध्ये देग-भपक्यातून निघणारी वाफ चंदनतेलात जिरवून अत्तर तयार करतात. या अत्तर-प्रक्रियेत शुद्ध पुष्पतेल वेगळे काढले जात नाही.

फ्रान्समधील ग्रास येथे विकसित झालेल्या ॲन्फ्लुराज पद्धतीत काचेवर शुद्ध चरबीचा थर देऊन त्यावर ताजी फुले पसरतात. फुले जिवंत असेपर्यंत सोडत असलेला सुगंध चरबी शोषून घेते. जाईची फुले साधारणपणे दररोज बदलतात आणि चरबी सुगंधाने संपृक्त होईपर्यंत हे काम आठवडेच्या आठवडे चालते. सुगंध भरपूर मिळतो, पण मजुरीमुळे ही पद्धत आता क्वचितच वापरली जाते.

आज तमिळनाडूतील कारखान्यांत प्रामुख्याने द्रावक निष्कर्षण होते. फुले हेक्झेनमध्ये भिजवतात आणि हेक्झेन कमी दाबाखाली उडवून परत मिळवतात. मागे उरणाऱ्या मेणट पदार्थास काँक्रीट म्हणतात. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून थंड केले की मेण गोठते. मेण गाळून अल्कोहोल काढून टाकल्यावर ॲब्सोल्यूट हाती येते.

ॲब्सोल्यूट महाग का, हे हिशेबातून स्पष्ट होते. जाईच्या १,००० किलो फुलांपासून सुमारे ३ किलो काँक्रीट व त्यातून सुमारे दीड किलो ॲब्सोल्यूट मिळते. निशिगंधाच्या तेवढ्याच फुलांपासून काँक्रीट सुमारे १ किलो मिळते. त्यात मेणाचे प्रमाण जास्त असल्याने ॲब्सोल्यूट जेमतेम २०० ग्रॅम भरते. म्हणजे निशिगंधाच्या १ किलो ॲब्सोल्यूटसाठी सुमारे ५ टन फुले लागतात. जाईच्या एका किलोत सुमारे दहा हजार फुले असतात आणि ती सर्व हातानेच खुडावी लागतात.

हारासाठी कळी चालते. निष्कर्षणासाठी मात्र उमललेले फूल हवे, कारण सुगंध उमलतानाच वाढतो. म्हणून तोडणी पहाटे करून फुले त्याच सकाळी कारखान्यात पोहोचवावीत. ढीग करून ठेवलेली फुले आतून तापतात, तपकिरी पडतात आणि त्यांना आंबूस वास येतो. पाणी शिंपडल्यास वजन वाढते, परंतु ओल्या पाकळीत हेक्झेन नीट शिरत नाही आणि उतारा घटतो. काँक्रीटच्या उताऱ्यावर भाव ठरत असेल, तर असे वाढवलेले वजन शेतकऱ्याच्याच तोट्याचे ठरते.