साठ टक्के, पण कशाचे?

डिस्प्ले जाहिरातीचे बिल बहुतेक वेळा इम्प्रेशनच्या संख्येवर आकारले जाते. हजार इम्प्रेशनचा दर म्हणजे सीपीएम. संकेतस्थळाचे पान उघडले आणि ब्राउझरने जाहिरातीचे चित्र मांडायला सुरुवात केली, की एक इम्प्रेशन मोजले जाते. ते चित्र पानाच्या अगदी तळाशी असले आणि वाचक वरचे दोन परिच्छेद वाचून निघून गेला, तरी मोजणीत फरक पडत नाही. पान उघडणारा माणूस नसून एखादा प्रोग्रॅम असला, तरीही पहिल्या मोजणीत त्याची नोंद तशीच होते. या दोन उणिवा दाखवण्यासाठी अहवालात दोन आकडे असतात. पहिला व्ह्यूएबिलिटीचा, म्हणजे जाहिरात पडद्यावर दिसण्याजोगी होती का याचा. दुसरा इनव्हॅलिड ट्रॅफिकचा, म्हणजे जी भेट खऱ्या वाचकाची मानता येत नाही तिचा.

व्ह्यूएबिलिटीची रूढ व्याख्या अमेरिकेतील मीडिया रेटिंग कौन्सिलची आहे. २०१४ पासून ती व्यवहारात वापरली जाते. जाहिरातीचे निदान ५० टक्के पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावरच्या दृश्य भागात असले, तर ते इम्प्रेशन व्ह्यूएबल धरले जाते. २,४२,५०० किंवा त्याहून अधिक पिक्सेलच्या मोठ्या जाहिरातीला, उदाहरणार्थ ९७० बाय २५० आकाराच्या पट्टीला, ३० टक्के भागही पुरतो. ही अट पाहण्याची संधी मिळाली का एवढेच तपासते. वाचकाची नजर तिकडे गेली की नाही, हे त्यातून कळत नाही. संधीसुद्धा किती वेळा हुकते, याचा अंदाज २०१४ मध्ये गूगलने आपल्या जाहिरातींच्या मोजणीवरून दिला होता. त्यांतली ५६.१ टक्के इम्प्रेशन व्ह्यूएबल ठरली नव्हती.

इनव्हॅलिड ट्रॅफिकचे दोन वर्ग केले जातात. पहिला साधा. शोधयंत्रांचे ओळख सांगून फिरणारे बॉट किंवा डेटा सेंटरमधून येणाऱ्या, वाचकाच्या नसलेल्या भेटी त्यात येतात. त्यांच्या याद्या उपलब्ध असतात, त्यामुळे त्या चाळणीने वेगळ्या काढता येतात. दुसरा वर्ग लबाडीचा. माणसासारखे वागणारे बॉट, मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेले संगणक, एकाच जागी एकावर एक रचलेल्या जाहिराती, एक पिक्सेलच्या चौकटीत कोंबलेली जाहिरात, नामांकित संकेतस्थळाचे खोटे नाव लावून विकलेली जागा हे सगळे त्यात मोडते. ते ओळखायला वेगवेगळ्या खुणा ताडून पाहाव्या लागतात, म्हणून हा आकडा अनेकदा उशिरा ठरतो. त्यामुळे मोहीम चालू असताना दिसणारा दर आणि महिनाअखेरीचा दर यांत तफावत पडते.

आता एक काल्पनिक हिशेब पाहू. एका मोहिमेत १० लाख इम्प्रेशन ८० रुपये सीपीएमने घेतली, म्हणजे बिल ८०,००० रुपये झाले. अहवालात इनव्हॅलिड ट्रॅफिक ८ टक्के आणि व्ह्यूएबिलिटी ६० टक्के लिहिली आहे. ते वाचून १० लाखांपैकी ६ लाख जाहिराती दिसण्याजोग्या होत्या, असे सहज वाटते. प्रत्यक्षात ६० टक्के हे १० लाखांचे नाहीत.

आधी इनव्हॅलिड इम्प्रेशन वजा करावी लागतात. ८ टक्के म्हणजे ८०,००० गेली, उरली ९,२०,०००. या सगळ्यांची व्ह्यूएबिलिटी मोजता आलेली नसते. मोजणारा कोड काही ॲपमध्ये चालत नाही, काही पानांवर जाहिरात बंद चौकटीत असते, काही वेळा कोड सुरू होण्याआधीच पान बंद होते. ९० टक्क्यांची मोजणी झाली असे धरले, तर मोजलेली इम्प्रेशन ८,२८,००० होतात. व्ह्यूएबिलिटीचा दर याच संख्येवर काढतात. तिचे ६० टक्के म्हणजे ४,९६,८००. खात्रीने व्ह्यूएबल म्हणता येतील अशी इम्प्रेशन एवढीच. ८०,००० रुपयांना यांनी भागले, तर हजार व्ह्यूएबल इम्प्रेशनचा खरा दर सुमारे १६१ रुपये पडतो, म्हणजे करारातल्या दराच्या दुप्पट.

न मोजलेल्या ९२,००० इम्प्रेशनचे काय, हा प्रश्न उरतो. तीही ६० टक्केच व्ह्यूएबल होती असे मानले, तर एकूण संख्या ५,५२,००० होते आणि दर सुमारे १४५ रुपयांवर येतो. हे मात्र गृहीतक आहे. मोजणी जिथे अडते त्या जागा बाकीच्या जागांसारख्याच असतील, असे नाही. मोजणी झालेला हिस्सा ९० ऐवजी ५० टक्के असेल, तर हे गृहीतक फार मोठा भार पेलत असते आणि व्ह्यूएबिलिटीचा आकडा तितकाच डळमळीत होतो.

त्यानंतर करार पाहावा लागतो. इनव्हॅलिड ट्रॅफिकचे पैसे परत मिळण्याची अट असेल, तर ८०,००० इम्प्रेशनचे ६,४०० रुपये वळते होतात आणि बिल ७३,६०० वर येते. मग दर सुमारे १३३ रुपये होतो. पहिल्या नजरेला वाटलेल्या ६ लाखांवरूनही हाच दर निघाला असता. म्हणजे तो सरधोपट हिशेब दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच बरोबर ठरतो: इनव्हॅलिड इम्प्रेशनचे पैसे परत मिळाले आणि न मोजलेली इम्प्रेशन मोजलेल्यांसारखीच निघाली. व्ह्यूएबल इम्प्रेशनवरच दर ठरवायचा, असेही करार होतात. तिथे न दिसलेल्या जाहिरातीचा भार विकणाऱ्यावर जातो, पण दर अर्थातच चढा असतो.

वजाबाकीचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण बॉटला दाखवलेली जाहिरात तांत्रिकदृष्ट्या पूर्ण व्ह्यूएबल असू शकते. समजा एका संकेतस्थळावर एक लाख इम्प्रेशनपैकी ८५,००० व्ह्यूएबल आहेत, पण ३०,००० बॉटची आहेत आणि ती सगळी व्ह्यूएबल नोंदली गेली आहेत. माणसांपुढे आलेली व्ह्यूएबल इम्प्रेशन मग ५५,००० उरतात. शेजारच्या संकेतस्थळाची व्ह्यूएबिलिटी ६० टक्के आणि बॉट फक्त १,००० असतील, तर ते सगळे व्ह्यूएबल धरूनही तिथे ५९,००० उरतात. व्ह्यूएबिलिटीचाच स्तंभ पाहणारा खरेदीदार मात्र पहिल्याकडे पैसा वळवतो.

ही लबाडी किती बारकाईने होते हे मेथबॉट प्रकरणात दिसले. २०१४ ते २०१६ या काळात अलेक्सांद्र झुकोव्ह आणि त्याच्या साथीदारांनी डेटा सेंटरमधले १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेऊन बनावट पानांवर जाहिराती चालवल्या. त्यांचे प्रोग्रॅम माउस हलवत आणि पान खाली सरकवत, तेही माणसासारखे. २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने झुकोव्हला १० वर्षांची शिक्षा ठोठावली.

म्हणून संशयास्पद जागा शोधताना दर एकेकटा न पाहता बाकीच्या नोंदींशी जुळवून पाहतात. व्ह्यूएबिलिटी जवळजवळ शंभर टक्के, क्लिक भरपूर, पण जाहिरातदाराच्या संकेतस्थळावर त्या प्रमाणात भेटी नाहीत. किंवा रात्री तीन वाजताही दुपारइतकीच वर्दळ आहे, अशा खुणा तपासायला लावतात. त्या पुरावा नव्हेत. पानासोबत सरकत राहणारी पट्टी प्रामाणिकपणेही ९० टक्क्यांवर जाऊ शकते. दोन मोजणी कंपन्यांचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत, कारण लबाडी ओळखण्याची प्रत्येकीची पद्धत निराळी असते. त्यामुळे कोणाची मोजणी बिलासाठी ग्राह्य धरायची, इनव्हॅलिड इम्प्रेशन व्ह्यूएबिलिटीच्या आधी वजा झाली आहेत का आणि किती इम्प्रेशन मोजताच आली नाहीत, हे करारात व अहवालात लिहिलेले असेल, तरच त्या ६० टक्क्यांवरून रुपयांचा हिशेब मांडता येतो.