नफा आहे, मग पगार का थकतात?

कंपनीच्या वार्षिक अहवालात बहुतेक वाचक आधी नफ्याचा आकडा शोधतात. नफा वर्षभराची हकीकत सांगतो, तर ताळेबंद ३१ मार्चच्या एका दिवशीचं चित्र दाखवतो: कंपनीकडे काय काय आहे आणि त्यासाठी पैसा कुणी पुरवला. भागधारकांचा पैसा आणि कर्जं-देणी यांची बेरीज मालमत्तेइतकीच भरते. पण खरी माहिती या बेरजेपेक्षा तिच्या विभागणीत असते. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार मालमत्ता आणि देणी ‘चालू’ व ‘बिगर-चालू’ अशी वेगळी दाखवावी लागतात. साधारणपणे बारा महिन्यांत रोकड होणारं किंवा फेडावं लागणारं ते चालू.

समजा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीची मालमत्ता १०० कोटींची आहे. जागा, भट्ट्या, यंत्रं मिळून ६० कोटी. माल, येणी आणि रोकड मिळून ४० कोटी. दुसऱ्या बाजूला भागधारकांचे ३५ कोटी आणि दीर्घ मुदतीचं कर्ज १५ कोटी. उरलेली ५० कोटींची देणी चालू आहेत: बँकेचं कॅश क्रेडिट, पुरवठादारांची बिलं आणि मुदत कर्जाचे वर्षभरात भरायचे हप्ते.

वर्षात ५० द्यायचे आणि हाताशी ४०. हे १० कोटी गेले कुठे? यंत्रांत. टिकाऊ पैसा ५० कोटींचाच होता आणि यंत्रांवर लागले ६०; वरचे १० कॅश क्रेडिटमधून काढले गेले. भट्टीची किंमत वसूल व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, पण बँक दरवर्षी मर्यादेचा फेरविचार करते. तिने हात आखडला, की नफ्यातली फाउंड्रीही पगाराला अडते. माझ्या मते ताळेबंदात सर्वांत आधी हीच वजाबाकी करावी.

मात्र ‘चालू’ म्हणजे नेहमी बारा महिनेच असं नाही. कच्चा माल घेण्यापासून विक्रीचा पैसा हाती येईपर्यंतचं चक्र लांब असेल, तर तेवढा काळ धरला जातो. म्हणून बिल्डरच्या तीन वर्षं चाललेल्या इमारतीही चालू मालमत्तेत बसतात. उलट रोखीने विकून पुरवठादारांना महिन्याभराने पैसे देणारं किराणा सुपरमार्केट चालू देणी जास्त असूनही निवांत चालू शकतं. त्यामुळे तुलना एकाच धंद्यातल्या कंपन्यांची करावी.

आणखी एक जागा तपासा. ग्राहकांकडची येणी चालू गटात दिसतात, पण ती वसूल होतीलच असं नाही. २०२१-२२ पासून कंपन्यांना टिपांमध्ये येण्यांचं वय द्यावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली किती, तीन वर्षांहून जुनी किती. आमच्या फाउंड्रीच्या ४० कोटींत दोन-तीन वर्षं रखडलेली ६ कोटींची येणी निघाली, तर तूट १० नव्हे, १६ कोटींची समजा.