सर्व्हर नव्हे, ब्राउझर

शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत आली, की महाडीबीटी संकेतस्थळ मंदावल्याच्या तक्रारी आणि पाठोपाठ मुदतवाढीची मागणी हे वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांना आता अंगवळणी पडले आहे. मात्र हिंगणघाट किंवा आर्वीच्या नेट कॅफेत अडलेल्या प्रत्येक लॉगिनचे खापर सर्व्हरवर फोडता येत नाही. पान झटकन उघडते आणि प्रवेश तेवढा मिळत नाही, अशी स्थिती असेल, तर संशय आधी ब्राउझरवर घ्यायला हवा.

वेबची मूळ रचना विसराळू आहे. प्रत्येक विनंती सर्व्हरला नवीच वाटते आणि आधीचे पान कोणी मागितले होते, हे त्याला आठवत नाही. यावर नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी 1994 मध्ये काढलेला उपाय म्हणजे कुकी. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही छोटी नोंद सर्व्हर ब्राउझरकडे देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ती दाखवतो. बिल्ला हरवला, की चपला जागेवर असूनही परत मिळत नाहीत, तसेच कुकी अडवली गेली, की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचे कोरे पान पुन्हा समोर येते आणि बहुतेक वेळा चूक कोणती, हे सांगणारी एक ओळही दिसत नाही.

या बिघाडाचा सर्वांत फसवा साक्षीदार म्हणजे कॅप्चा, अर्थात वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची चौकट. अनेक संकेतस्थळांत या अक्षरांचे अचूक उत्तर सर्व्हर स्वतःकडे त्या बिल्ल्याच्या क्रमांकाखाली ठेवतो. बिल्लाच परत आला नाही, तर ताडून पाहायला उत्तर सापडत नाही आणि पडद्यावर ‘कॅप्चा चुकीचा’ असे उमटते. बिचारा विद्यार्थी मात्र शून्य की ‘ओ’ यावर डोळे ताणत बसतो. स्वच्छ वाचता येणारी अक्षरे सलग तीनदा नाकारली गेली, तर कुकीकडे पाहावे. मात्र त्याआधी तेच पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेले नाही ना, किंवा बराच वेळ उघडे राहून त्याची मुदत संपलेली नाही ना, हे तपासावे, कारण या दोन्ही प्रसंगीही हाच संदेश येऊ शकतो.

याउलट ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा’ असा स्पष्ट संदेश आला, तर सर्व्हरने पासवर्ड खरोखर तपासून नाकारला, असे समजायला हरकत नाही, आणि मग संशय ऑटोफिलवर, म्हणजे साठवलेला पासवर्ड आपोआप भरणाऱ्या सोयीवर, जातो. समजा, देवळीच्या एका विद्यार्थिनीचे खाते गेल्या वर्षी नेट कॅफेच्या संगणकावर उघडले गेले आणि यंदा तिने ओटीपी घेऊन मोबाइलवर पासवर्ड बदलला. कॅफेतल्या क्रोमला त्या बदलाचा पत्ता नसल्याने तो जुनाच पासवर्ड ठिपक्यांच्या रूपात भरतो. नवा पासवर्ड हाताने लिहिल्यावर प्रवेश मिळतो आणि ‘पासवर्ड अपडेट करायचा का?’ असे ब्राउझर विचारतो, पण रांग आवरण्याच्या घाईत ती चौकट बंद केली जाते. दुसऱ्या दिवशी राहिलेली कागदपत्रे अपलोड करताना पुन्हा तोच घोळ होतो. आणखी एक खूण ठिपक्यांच्या संख्येत सापडते. काही संकेतस्थळे पासवर्ड पाठवण्यापूर्वी त्याचे ठरावीक लांबीच्या सांकेतिक मजकुरात रूपांतर करतात आणि एखादा ब्राउझर मूळ शब्दाऐवजी तोच मजकूर साठवून ठेवतो. आठ अक्षरांच्या पासवर्डसाठी 32 किंवा 64 ठिपके दिसले, तर हाच प्रकार घडला असे मानावे.

तपासणीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे क्रोमची ‘गेस्ट’ खिडकी, कारण तिथे जुन्या कुकी नसतात आणि साठवलेले पासवर्डही नसतात. इन्कॉग्निटो खिडकीत मात्र साठवलेला पासवर्ड सुचवला जाऊ शकतो, त्यामुळे ती या कामी अपुरी ठरते. गेस्टमध्ये पासवर्ड हाताने लिहून प्रवेश मिळाला, तर सर्व्हर निर्दोष ठरतो. त्यानंतर नेहमीच्या खिडकीत पुढील दोन पत्ते उघडावेत.

```
chrome://password-manager/passwords
chrome://settings/content/siteData
```

पहिल्या पानावर त्या संकेतस्थळाच्या जुन्या नोंदी, एकाहून अधिक असल्यास सगळ्या, काढून टाकाव्यात, आणि दुसऱ्या पानावर संकेतस्थळांना माहिती साठवण्याची परवानगी आहे, याची खात्री करावी. फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड `about:logins` या पत्त्यावर दिसतात. इतर संकेतस्थळांच्या, म्हणजे तृतीय पक्षाच्या, कुकी अडवलेल्या असल्या तरी साध्या लॉगिनला सहसा बाधा येत नाही, कारण लॉगिनची कुकी त्याच संकेतस्थळाची असते. लॉगिनसाठी वेगळ्याच पत्त्यावर पाठवले जात असेल, तेव्हाच ती अडचण संभवते. दोनदा नकार आल्यावर अंदाजाने तिसरा पासवर्ड टाकू नये, कारण अनेक संकेतस्थळे ठरावीक चुकांनंतर खाते काही काळ बंद करतात आणि मग ब्राउझर दुरुस्त होऊनही दार उघडत नाही.

कुकी परत आली की नाही, हे सर्व्हरला पहिल्या दोन विनंत्यांतच कळू शकते. तरीही ‘तुमच्या ब्राउझरने कुकी अडवल्या आहेत’ एवढे सांगण्याऐवजी कॅप्चा चुकल्याचा ठपका वापरणाऱ्यावर ठेवणे हा तांत्रिक नाइलाज म्हणता येणार नाही. तो संकेतस्थळ घडवणाऱ्यांचा आळस आहे, आणि त्याची किंमत मुदतीच्या शेवटच्या दिवशी गावाहून वर्ध्याला दुसरी खेप करणाऱ्या विद्यार्थ्याला मोजावी लागते.