पाच माणसं, पाच टेबलं आणि एकशे पंधरा सेकंद

दोन बर्नरची गॅस शेगडी जोडणारा एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. पाच टेबलं, पाच कामगार. महिन्याची मागणी सहा हजार शेगड्यांची आणि कामाचे दिवस पंचवीस, म्हणजे रोज २४० शेगड्या निघायला हव्यात. निघतात जेमतेम १९७. चौथ्या टेबलामागे अर्धवट शेगड्यांचा ढीग लागतो आणि पाचव्यावरचा माणूस रिकामा बसतो. मालकाला वाटतं, माणसं कमी पडतात.

माणसं वाढवण्याआधी एक सोपा भागाकार करावा. शिफ्ट साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटांची. त्यातून जेवणाचा अर्धा तास आणि चहाच्या दोन सुट्ट्यांची वीस मिनिटं वजा केली की ४६० मिनिटं, म्हणजे २७,६०० सेकंद उरतात. त्याला २४० ने भागलं की येतात ११५ सेकंद. हाच टॅक्ट टाइम. दर ११५ सेकंदांनी एक तयार शेगडी लाइनवरून उतरली, तरच मागणी पुरी होते. हा आकडा गिऱ्हाइकाच्या मागणीतून येतो. कामगाराचा हात किती चपळ आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता घड्याळ लावून प्रत्येक काम मोजायचं. एकदाच मोजून भागत नाही, दहा-बारा वेळा मोजावं लागतं. स्क्रू खाली पडून शोधाशोध झाली, तर ती नोंद वेगळी ठेवायची. सगळ्यात वेगवान नोंद धरण्याचा मोहही टाळायचा, कारण तो वेग दिवसभर टिकत नाही.

आपल्या कारखान्यातला हिशोब असा निघाला. पहिल्या टेबलावर पाइपला दोन कॉक बसवायला ७० सेकंद. दुसऱ्यावर हवेच्या दाबाने गळती तपासायला ५५ आणि पाइप बॉडीला जोडायला ३५, मिळून ९०. तिसऱ्यावर जेट ३०, मिक्सिंग ट्यूब ४५, बर्नर २५ आणि नॉब १५, मिळून ११५. चौथ्यावर ज्योत तपासायला ७५, रबरी पाय लावायला ३० आणि पुसून स्टिकर चिकटवायला ३५, असे १४०. पाचव्यावर पॅकिंगचे ७०.

रोग इथे सापडतो. चौथं टेबल १४० सेकंद घेतं, म्हणून सगळी लाइन १४० सेकंदांनीच चालते. २७,६०० ला १४० ने भागा, येतात १९७. पॅकिंगला आणखी हेल्पर दिला, तरी एक शेगडीही वाढणार नाही. उलट, सगळ्या कामांची बेरीज होते ४८५ सेकंद. तिला ११५ ने भागलं की ४.२ येतात, म्हणजे पाच माणसं पुरेशी आहेत. वाटणी तेवढी चुकली आहे.

वाटणी बदलताना क्रम मोडता येत नाही. गळतीची तपासणी कॉक बसल्यावरच होणार, मिक्सिंग ट्यूब जेटच्या समोर नीट यायला हवी आणि ज्योत पाहायची तर बर्नर-नॉब आधी लागलेले हवेत. ज्योतीची तपासणी गॅसची जोडणी आणि हवा खेळती असलेल्या जागीच होते, ती हलवता येत नाही. रबरी पायांना मात्र असं काही बंधन नाही, ते रिकाम्या बॉडीलाही लावता येतात. ते काम पहिल्या टेबलाकडे गेलं. पुसणं-स्टिकर पॅकिंगकडे गेलं आणि नॉब तिसऱ्याकडून चौथ्याकडे आले, कारण ज्योत पाहताना नॉब फिरवावाच लागतो. आता टेबलांचे वेळ झाले १००, ९०, १००, ९० आणि १०५. एकही माणूस न वाढवता सर्वांत हळू टेबल १०५ सेकंदांवर आलं.

टॅक्टला टेकलेली वाटणी कागदावर छान दिसते, पण रोज फसते. एखादा स्क्रू आटे खातो, एखादी ज्योत पिवळी येते आणि शेगडी मागे पाठवावी लागते. म्हणून ११५ च्या खाली दहा सेकंद सोडलेले बरे. वाटणी बिघडली की ती कागदाआधी टेबलावर दिसते. ज्याच्यापाशी माल साचतो, ते टेबल हळू चालतंय आणि त्याच्या पुढचा माणूस वाट पाहतो. हळू टेबल पहिलंच असेल, तर ढीग कुठेच दिसत नाही, पुढचे सगळे फक्त थांबलेले दिसतात.

हे गणित कायमचं नसतं. सणासुदीला मागणी रोज ३०० वर गेली, तर टॅक्ट ९२ सेकंदांवर येतो आणि ४८५ ला त्याने भागलं की सहा माणसं लागतात. मंदीत १८० वर आली, तर टॅक्ट १५३ होतो आणि चौघांत भागतं. दोन्ही वेळा टेबलांची वाटणी नव्याने करावी लागते. मागणीचा आकडा बदलूनही जुनीच वाटणी चालू ठेवली, तर एका हंगामात ओव्हरटाइम द्यावा लागतो आणि दुसऱ्यात बसून राहिलेल्या माणसाचा पगार.